डबा संपल्यावरची बारा मिनिटं

कार्यालयातल्या जेवणाच्या सुट्टीचा हिशेब कागदावर अर्ध्या तासाचा किंवा पाऊण तासाचा असतो. हात धुणं, डबा गरम करणं, चार घास निवांत खाणं आणि पुन्हा जागेवर येणं यांत त्यातला मोठा भाग जातो. उरतात ती दहा ते पंधरा मिनिटं. एवढ्या वेळात पूर्ण पाहून होईल अशी एकच चित्रकृती आहे, ती म्हणजे लघुपट. मालिकेचा भाग अर्ध्यावर सोडावा लागतो आणि चित्रपटाचे तुकडे केले की त्याचा सूर हरवतो. लघुपट मात्र एका बैठकीत पाहण्यासाठीच बनलेला असतो.

अडचण अशी की ‘लघुपट’ या एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या लांबीच्या कृती येतात. ऑस्कर पुरस्कारांच्या नियमानुसार श्रेयनामावलीसह चाळीस मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट ठरतो. भारतात बनलेल्या आणि २०२३ साली ऑस्कर मिळवलेल्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या माहितीपटाची लांबी या मर्यादेच्या अगदी काठावर आहे. कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत मात्र आज पंधरा मिनिटांहून मोठी कृती घेतली जात नाही. जेवणाच्या सुट्टीसाठी हा फरक फार कामाचा आहे. कानच्या अलीकडच्या विजेत्यांची यादी जवळजवळ जशीच्या तशी सुट्टीत मावते. ऑस्करच्या यादीतून निवड करावी लागते: तिथले अ‍ॅनिमेशनपट बहुतेकदा सुट्टीत बसतात, कथापट वीस मिनिटांच्या आसपास रेंगाळतात आणि माहितीपट सहसा बसत नाहीत.

पण लांबी बसली म्हणजे कृती जमली असं होत नाही. थोड्या वेळात लघुपट नेमका कशाने जमतो, हे पाहण्यासाठी एक जुना लघुपट उलगडून पाहणं सोयीचं ठरतं. त्याचं नाव ‘द लंच डेट’. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना अ‍ॅडम डेव्हिडसन यांनी तो केला. कृष्णधवल आहे, साधारण दहा-अकरा मिनिटांचा आहे. १९९० साली कान महोत्सवात त्याला लघुपटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं आणि २०१३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट सूचीत जतनासाठी त्याची निवड झाली. एका विद्यार्थ्याच्या दहा मिनिटांच्या कामाचा हा प्रवास आहे. (पुढच्या चार परिच्छेदांत त्याचा शेवट सांगितला आहे. तो आधी पाहायचा असेल तर इथे थांबून पाहावा.)

गोष्ट न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकात घडते. उंची कोट घातलेली, वयाने प्रौढ, गोरी बाई हातात खरेदीच्या पिशव्या घेऊन गाडी पकडायला निघाली आहे. वाटेत तिला एका कृष्णवर्णीय माणसाचा धक्का लागतो आणि पिशवीतल्या वस्तू जमिनीवर पसरतात. तो त्या गोळा करून द्यायला वाकतो, पण तिला त्याची मदत नको असते. या गोंधळात पैशांचं पाकीट दिसेनासं होतं आणि गाडीही सुटते. पुढच्या गाडीपर्यंत वेळ काढायला ती स्थानकातल्या साध्या उपाहारगृहात जाते, जवळच्या सुट्ट्या पैशांत बसेल असं सॅलड घेते, बाकावर पिशव्या ठेवते आणि काटा आणायला उठते. परत येते तर एक फाटक्या कपड्यांतला कृष्णवर्णीय माणूस तिच्या टेबलाशी बसून सॅलड खातो आहे.

इथून पुढची काही मिनिटं जवळपास शब्दांवाचून जातात. हे माझं सॅलड आहे, असं ती सांगते. तो दाद देत नाही. ती समोर बसते, थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहते आणि मग काटा पुढे करून त्याच ताटलीतला घास उचलते. तो चिडत नाही. आता दोघंही एकाच ताटलीतून खाऊ लागतात. मग तो उठून जातो आणि दोघांसाठी कॉफी घेऊन येतो, साखर तिच्यापुढे करतो. ती घेते. कॉफी संपवून ती निघते आणि दाराबाहेर गेल्यावर पिशव्या राहिल्याचं तिला आठवतं. धावत परत येते, तर माणूस नाही आणि पिशव्याही नाहीत. ती अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालते आणि तेव्हा तिला, प्रेक्षकाबरोबरच, शेजारचं टेबल दिसतं. तिथे तिच्या पिशव्या आहेत आणि तिचं सॅलडही आहे, हात न लावलेलं. ती ज्यातून खात होती ते सॅलड त्याचं होतं.

ही मूळ गोष्ट नवी नाही. दुसऱ्याचा खाऊ आपला समजून खाल्ल्याचा किस्सा जगात अनेक रूपांत सांगितला जातो. डेव्हिडसन यांचं कसब किश्शात नाही, मांडणीत आहे. पाकीट आणि गाडी यांचे प्रसंग आधी येतात, म्हणून सॅलडपाशी पोचेपर्यंत ‘आज हिला सगळे लुबाडताहेत’ असं प्रेक्षकाच्याही मनात बसलेलं असतं. बाईची चूक प्रेक्षकाकडूनही करवून घेतली जाते आणि नंतर दोघांना एकाच क्षणी पकडलं जातं. त्यासाठी वेगळा संवाद नाही, निवेदन नाही, कोणाचाही भूतकाळ सांगितलेला नाही. बाई कुठून आली, घरी कोण आहे, यातलं काहीच कळत नाही आणि कळायची गरजही पडत नाही. तिचा कोट, तिच्या पिशव्या आणि मदत नाकारताना मागे घेतलेला हात एवढं पुरतं.

खरी उंची मात्र शेवटच्या अर्ध्या मिनिटात आहे. शेजारचं सॅलड दिसल्यावर बाई खळखळून हसते. एखाद्या कच्च्या दिग्दर्शकाने लघुपट तिथेच संपवला असता, किंवा तिला त्या माणसाला शोधायला लावून डोळ्यांत पाणी आणलं असतं. इथे ती बाहेर पडते, गाडीकडे धावते आणि वाटेत पैसे मागणाऱ्या एका माणसाला न बघता ओलांडून जाते. गाडी मिळते, लघुपट संपतो. ती बदलली का, या प्रश्नाचं उत्तर त्या ओलांडण्यात आहे आणि ते कोणीही उच्चारत नाही. कलाटणीमुळे हा लघुपट लक्षात राहतो, पण पुन्हा पाहावासा वाटतो तो त्या एका दृश्यामुळे.

या उदाहरणातून दिसणारी पहिली गोष्ट म्हणजे मापाची निवड. दहा मिनिटांत दोन माणसं, एक ताटली आणि एक गैरसमज एवढंच आहे. २०१९ साली कानमध्ये पहिला आलेला ग्रीक दिग्दर्शक वासिलिस केकातोस यांचा नऊ मिनिटांचा लघुपट असाच आहे. रात्रीचा पेट्रोल पंप, दोन अनोळखी तरुण आणि त्यातल्या एकाला घरी पोचायला कमी पडणारे साडेबावीस युरो. चांगल्या लघुपटाचा विषय बहुतेकदा एका वाक्यात सांगता येतो आणि ते वाक्य कुणाला तरी काहीतरी आत्ता हवं आहे असं असतं. ‘एका स्त्रीचा संघर्ष’ हे असं वाक्य नव्हे. ‘घरी जायला साडेबावीस युरो कमी आहेत’ हे आहे.

म्हणजे लघुपटात फक्त दहा मिनिटांचाच काळ दाखवता येतो असं नाही. मायकेल डुडोक द विट यांचा ‘फादर अँड डॉटर’ हा अ‍ॅनिमेशनपट आठ-नऊ मिनिटांचा आहे आणि त्यात अख्खं आयुष्य आहे. वडील आणि छोटी मुलगी सायकलवरून पाण्याच्या काठाशी येतात. वडील तिला मिठी मारतात, होडीत बसतात आणि वल्हवत दूर जातात. मुलगी वाट पाहून घरी परतते. पुन्हा येते. पुढे ती मोठी होते, मैत्रिणींबरोबर येते, जोडीदाराबरोबर येते, मुलाबाळांसह येते, म्हातारी होऊन येते. जागा तीच, कृती तीच. बदलतात ते ऋतू, सायकलचा आकार आणि चढावर लागणारा दम. संवाद एकही नाही. दिग्दर्शकाने आयुष्यातल्या घटना गोळा करून घाईने मांडलेल्या नाहीत. एकच कृती पुन्हा पुन्हा दाखवली आणि काळ तिच्या फरकांतून जाणवू दिला. याला २००१ साली ऑस्कर मिळालं.

वेळ वाचवण्याचा तिसरा मार्ग प्रेक्षकाला आधीपासून माहीत असलेल्या गोष्टीचा आधार घेण्याचा. सुजॉय घोष यांचा २०१५ सालचा चौदा मिनिटांचा बंगाली लघुपट ‘अहल्या’ हे याचं स्वच्छ उदाहरण. बेपत्ता तरुणाचा तपास करायला एक पोलीस अधिकारी वृद्ध चित्रकाराच्या घरी येतो. दार उघडणारी तरुण पत्नी राधिका आपटे, चित्रकार सौमित्र चटर्जी. पत्नीचं नाव अहल्या, अधिकाऱ्याचं नाव इंद्र. पुराणकथा माहीत असलेल्या प्रेक्षकाला या दोन नावांतच अर्धी पार्श्वभूमी मिळते. उरलेला वेळ दिग्दर्शक त्या जुन्या गोष्टीला कुठून वळवायचं यावर खर्च करतो. शिक्षा कुणाला व्हायची, हा मूळ कथेतला प्रश्न इथे उलटा फिरतो.

मराठीत या कलेची मुळं पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटपर्यंत जातात. उमेश कुलकर्णी यांनी तिथे शिकत असताना ‘गिरणी’ केला. घरखर्चासाठी आई लहानशा घरात पिठाची गिरणी आणते. मुलाला आधी तिचं अप्रूप वाटतं आणि पुढे तिचा अखंड आवाज त्याला असह्य होत जातो. हा लघुपट कानांनी पाहायचा आहे. गिरणीची घरघर अभ्यासात, खेळात, झोपेत शिरत जाते आणि मुलाच्या मनाची अवस्था तिच्यामुळेच कळते. म्हणून मोबाइलचा आवाज बारीक करून किंवा कॅन्टीनच्या गलक्यात तो पाहिला तर त्यातलं अर्धंअधिक हरवतं. इयरफोन जवळ असतील त्याच दिवशी तो लावावा. नागराज मंजुळे यांचा ‘पावसाचा निबंध’ हाही असाच. शाळेत मुलाला पावसावर निबंध लिहायला सांगितला आहे आणि त्याच्या घरात पाऊस सगळीकडून गळतो आहे. निबंध कागदावर उतरत नाही आणि पडद्यावर मात्र तोच लिहिला जातो. या लघुपटासाठी मंजुळे यांना कथाबाह्य विभागात दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही लघुपटांची लांबी वीस मिनिटांच्या वर जाते, म्हणजे अर्ध्या तासाच्या सुट्टीत ते सहज बसत नाहीत. त्यांचे दोन दिवसांत दोन भाग करण्याचा मोह टाळावा. आवाजाचा किंवा पावसाचा हळूहळू चढत जाणारा ताण दुसऱ्या दिवशी पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही. लांब सुट्टीच्या दिवसासाठी ते राखून ठेवणं बरं.

न जमलेले लघुपट ओळखणंही सुट्टीच्या दृष्टीने तितकंच गरजेचं आहे, कारण तिथे चुकीची निवड सुधारायला वेळ नसतो. सर्वाधिक आढळणारा दोष म्हणजे दोन तासांची पटकथा पंधरा मिनिटांत कोंबणे. तो संवादांतून लगेच उघडा पडतो. दोन सख्ख्या बहिणी भेटतात आणि एक दुसरीला म्हणते, ‘बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि तू तेव्हापासून घरी आलीच नाहीस.’ दोघींनाही माहीत असलेली ही गोष्ट फक्त प्रेक्षकासाठी बोलली जाते. खरी माणसं असं बोलत नाहीत. ‘द लंच डेट’मधली बाई स्वतःबद्दल एक वाक्य बोलत नाही, तरी पहिल्या दोन मिनिटांत तिच्याविषयी हवं तेवढं कळतं. फरक तिथे आहे.

दुसरा दोष कलाटणीचा. शेवटी धक्का द्यायचा एवढ्याच हेतूने लपवलेली माहिती कळली की आधीची सारी मिनिटं निकामी होतात. याची खूण अशी की शेवट समजल्यावर लघुपट पुन्हा पाहावासा वाटत नाही. आणि तिसरा दोष आपल्याकडे फारच रुजला आहे: कृती संपल्यावर काळ्या पडद्यावर आकडेवारी किंवा उपदेशाचं वाक्य उमटणं. जे दृश्यांतून पोचलं नाही ते वाक्याने पोचत नाही, आणि जे पोचलं आहे त्याला वाक्याची गरज नसते.

हे सगळं पहिल्या मिनिटातच बरंचसं कळू शकतं. चांगला लघुपट घटनेच्या मध्यातून सुरू होतो. बाई स्थानकात आधीच घाईत आहे, वडील आणि मुलगी काठाकडे आधीच निघाले आहेत. उलट, आकाशातून घेतलेलं शहराचं दृश्य, गजराचं घड्याळ, उठणारा नायक, दात घासणं, आरशात बघणं असा मिनिटभर वेळ गेला तर दिग्दर्शकाला आपल्याकडे किती कमी वेळ आहे याची जाणीव नसल्याचं दिसून येतं. पहिल्या सेकंदापासून करुण पियानो वाजत असेल तर तेही सावध होण्याचं कारण आहे. काय वाटायला हवं हे प्रेक्षकाला काही दिसायच्या आधीच सांगितलं जातं. याला अपवाद आहेत, पण सुट्टीच्या बारा मिनिटांत अपवाद शोधत बसण्यापेक्षा लघुपट बदलणं शहाणपणाचं.

आता शोधाकडे. सर्वसाधारण शोधयंत्रात ‘बेस्ट शॉर्ट फिल्म’ असं टाकल्यावर जे वर येतं ते बहुधा जास्त पाहिलं गेलेलं असतं, आणि जास्त पाहिल्या जाण्याची कारणं चित्रापेक्षा शीर्षकात आणि छोट्या चौकटीतल्या भडक छायाचित्रात असतात. त्यापेक्षा कोणीतरी निवडून ठेवलेल्या ठिकाणी जावं. व्हिमिओ या संकेतस्थळावरचा ‘स्टाफ पिक्स’ हा विभाग तिथली माणसं पाहून निवडतात. २००७ साली सुरू झालेलं ‘शॉर्ट ऑफ द वीक’ निवडलेल्या प्रत्येक लघुपटासोबत छोटं टिपण देतं आणि लांबीही दाखवतं. कॅनडाचं नॅशनल फिल्म बोर्ड १९३९ साली स्थापन झालं आणि त्याच्या संग्रहातले असंख्य लघुपट त्याच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. तिथला नॉर्मन मॅक्लारेन यांचा १९५२ सालचा ‘नेबर्स’ आठ मिनिटांचा आहे. दोन शेजारी, कुंपणाच्या रेषेवर उगवलेलं एक फूल आणि त्यावरून हाणामारीपर्यंत गेलेला वाद. खऱ्या माणसांना चित्रांच्या बाहुल्यांसारखं एकेक चौकटीने हलवून तो चित्रित केला आहे, म्हणून ती माणसं जमिनीवरून सरकतात, हवेत तरंगतात.

नव्या लघुपटांच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या वर्षी महोत्सवात गाजलेला लघुपट याच वर्षी इंटरनेटवर सापडेल अशी अपेक्षा सहसा पुरी होत नाही. अनेक महोत्सवांना कृती आधी सार्वजनिकरीत्या दाखवलेली नको असते, म्हणून निर्माते ती वर्ष-दोन वर्षं राखून ठेवतात आणि महोत्सवांची फेरी संपली की खुली करतात. तेव्हा कान, फ्रान्समधला क्लेरमाँ-फेराँ, जर्मनीतला १९५४ पासून चालू असलेला ओबरहाउझेन किंवा १९९० साली सुरू झालेला मुंबईचा ‘मिफ’ यांच्या दोन-तीन वर्षांपूर्वीच्या विजेत्यांची नावं घ्यावीत आणि ती शोधावीत. जुन्या यादीत सापडण्याची शक्यता जास्त असते, शिवाय ती एका जाणत्या परीक्षक मंडळाने गाळून दिलेली असते.

सापडल्यावर तो कुणी चढवला आहे हे तपासावं. दिग्दर्शक, निर्माती संस्था किंवा महोत्सव यांच्या अधिकृत पानावरची प्रत निवडावी. इतरत्र चढवलेल्या प्रतींत चौकट कापलेली असते, हक्कांच्या अडचणीमुळे संगीत बदललेलं असतं किंवा शेवटचं दृश्यच गायब असतं. ‘द लंच डेट’च्या शेवटून अर्धं मिनिट गेलं तर काय होईल हे वर आलंच आहे. लांबी मोजताना श्रेयनामावली वजा करावी. चौदा मिनिटांच्या कृतीत ती एक-दीड मिनिट सहज घेते, म्हणून घड्याळ पाहून नाकारलेला लघुपट कधी कधी बरोबर बसतो.

आणि जेवता जेवता पाहावं का? संवाद मराठी-हिंदीत असतील तर थोडंफार जमतं. परभाषेतला लघुपट मात्र सबटायटलवर चालतो. भाजीत घास बुडवायला मान खाली गेली की दोन ओळी निसटतात, आणि लघुपटात दोन ओळी म्हणजे पुष्कळ असतात. शब्दांविना असलेला लघुपट जेवताना सोपा पडेल असं वाटतं, पण तिथे तर सगळाच मजकूर चित्रात असतो. बर्ट हान्स्ट्रा यांचा ‘ग्लास’ हा दहा-अकरा मिनिटांचा डच माहितीपट याचा चांगला नमुना आहे. फुंकणीने काच फुगवणाऱ्या कारागिरांचे गाल आणि जॅझच्या लयीत फिरणारी त्यांची बोटं एका बाजूला, बाटल्या ओकत जाणारं यंत्र दुसऱ्या बाजूला. मग यंत्रात एक फुटकी बाटली अडकते आणि मागून येणाऱ्या बाटल्या एकामागून एक फुटत जातात, तोवर माणसाचा हात मध्ये येतो. नजर ताटात असेल तर नेमका तोच हात दिसायचा राहतो. म्हणून आधी डबा संपवावा आणि मग लघुपट लावावा. कोणता लावायचा हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवावं, म्हणजे उरलेली मिनिटं याद्या चाळण्यात जात नाहीत.